आईसाठी एक चिनी अक्षर

माझ्या विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ एका संध्याकाळी घरी आला. मी पुण्यात चिनी भाषा शिकवते आणि अनुवादाची कामं करते, एवढं त्याला बहिणीकडून कळलं होतं. मोबाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, हे 'आई' आहे ना? शनिवारी मनगटावर करून घेतोय."

पडद्यावर एकच मोठं, काळंभोर, कुंचल्यानं काढल्यासारखं दिसणारं अक्षर होतं: 娘.

त्याला 'हो' म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं, आणि 'नाही' म्हटलं असतं तरीही. चिनी भाषेत याचा उच्चार 'न्यांग'. जुन्या कथा-कादंबऱ्यांत आणि उत्तरेकडच्या गावांकडच्या बोलीत याचा अर्थ आई असाच होतो. हेच अक्षर जपानी माणसानं वाचलं तर तो 'मुसुमे' म्हणेल, म्हणजे मुलगी, लेक. आणि आजच्या चिनी तरुणांच्या बोलण्यात पुरुषाबद्दल हे अक्षर एकटं वापरलं, तर तो बायकी आहे असं हिणवणं होतं. म्हणजे या मुलानं आईच्या मायेनं गोंदवलेलं अक्षर तोक्योतला माणूस 'लेक' असं वाचणार आणि शांघायमधला पोरगा ते पाहून गालात हसणार.

मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "पण यादीत तर 'आई' लिहिलं होतं," तो म्हणाला. यादी चुकीची नव्हती. अडचण अशी आहे की अशा याद्यांत एका रकान्यात अक्षर असतं, दुसऱ्यात अर्थ असतो, आणि ही ओळ कुठल्या भाषेतली, कुठल्या काळातली, एकट्या अक्षराची की शब्दातल्या अक्षराची, हे कुठेच नसतं. चिनी आणि जपानी या दोन वेगळ्या भाषा आहेत. जपाननं लिपीचा मोठा भाग चीनकडून घेतला, पण त्यानंतरच्या दीड हजार वर्षांत शब्द आपापल्या वाटेनं गेले. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहितात, पण मराठीत 'शिक्षा' म्हटलं की पाठीवर वळ आठवतात आणि हिंदीत शाळा आठवते.

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. त्याला आईसाठी एक अक्षर हवं होतं, आणि ते शोधताना चिनी अक्षर एकट्यानं उभं राहिलं की काय होतं, हे त्यालाही दिसत गेलं.

शब्दकोशात 'आई' शोधली की पहिलं अक्षर मिळतं ते 母, उच्चार 'मू'. पाच रेघांचं, देखणं अक्षर. पण आजच्या चिनी बोलण्यात आईला नुसतं 'मू' कोणी म्हणत नाही. हे अक्षर शब्दाचा अर्धा भाग आहे. पुढे 亲 हे 'छिन' जोडलं की 母亲 हा पूर्ण शब्द होतो: माता, जन्मदात्री, जरा पुस्तकी, आदराचा. आणि हेच अक्षर प्राण्याच्या नावाआधी लावलं की मादी असा अर्थ होतो. कोंबडी, गाय, वाघीण, सगळ्यांच्या नावात पुढे हेच 'मू'. जपानीत मात्र 母 हे एकटं अक्षर 'हाहा' असं वाचतात आणि ते आईसाठी पूर्ण, सभ्य शब्द आहे. म्हणजे 母 चुकीचं नाही. चिनी वाचकाला ते किंचित अपुरं वाटेल, पण माणसाच्या मनगटावर पाहून तो आईच समजेल.

दुसरा पर्याय 妈, उच्चार 'मा'. ही खरी हाक. लहान मूल शाळेतून आल्यावर दारातून जी हाक मारतं ती. लिहिताना बहुतेकदा दोनदा लिहितात: 妈妈, मामा. (मराठी कानाला हा शब्द भलत्याच नातेवाइकाचा वाटतो, ते वेगळं.) डावीकडचा भाग 女 म्हणजे स्त्री, उजवीकडचा 马 म्हणजे घोडा. इथे एक गैरसमज हमखास होतो. टॅटूच्या दुकानात अक्षर फोडून सांगायची हौस असते: स्त्री अधिक घोडा, म्हणजे घोड्यासारखी राबणारी आई. ऐकायला छान, पण तसं काही नाही. घोड्यालाही चिनीत 'मा'च म्हणतात, फक्त सूर वेगळा. तो भाग केवळ उच्चार सुचवण्यासाठी बसवला आहे. चिनी अक्षरांतली बहुसंख्य अशीच असतात: एक भाग अर्थाचा विभाग सांगतो, दुसरा उच्चाराची खूण देतो. प्रत्येक अक्षर म्हणजे एक चित्र आणि प्रत्येक चित्रात एक सुविचार, ही समजूत सोडून दिली तर निम्म्या चुका टळतील असं मला वाटतं.

मग त्यानं तो प्रश्न विचारला जो प्रत्येक जण विचारतो. "मॅडम, पण आपलं 'आई' जसंच्या तसं लिहिता येणार नाही का? उच्चारानं?"

येतं. आणि तिथेच सगळ्यात मोठी गंमत आहे. 'आई'च्या सर्वांत जवळचा चिनी शब्द आहे 阿姨, उच्चार 'आयी'. त्याचा अर्थ मावशी. आईची बहीण ही मावशी, आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला हाक मारायची तीही मावशी, आणि घरी धुणंभांडी करायला येतात त्याही मावशीच. चीनमध्ये 'आमच्याकडे आयी येते' म्हटलं की ऐकणाऱ्याला घरकामाची बाई हाच अर्थ आधी सुचतो. मराठीत 'मावशी' हा शब्द नेमका याच तीन जागी कसा फिरतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण आईसाठी गोंदवायचा शब्द हा नव्हे. उच्चार सांभाळायला गेलं की अर्थ हातचा जातो आणि अर्थ सांभाळला की उच्चार बदलतो. दोन्ही एकाच वेळी मिळणं हा योगायोग असतो.

नाव गोंदवणाऱ्यांची अडचण हीच आहे, आणि ती जास्त घातक आहे, कारण नावाला चुकायची भीती वाटत नाही. चिनी लिपीत मुळाक्षरं नाहीत. क, ख, ग नाही, काना-मात्रा नाही. इंग्रजी ए-बी-सी-डीला चिनीत जो शब्द आहे तो मला फार आवडतो: 字母, म्हणजे 'अक्षरांची आई'. आपल्याकडेही वर्णमालेला मातृका म्हणतात. पण ही 'अक्षरांची आई' चिन्यांच्या दृष्टीनं परक्या लिपीत राहते. असं असताना टॅटूच्या दुकानांत एक तक्ता जगभर फिरतो आहे. त्यात ए ते झेड अशी सव्वीस इंग्रजी अक्षरं आणि प्रत्येकासमोर एक 'चिनी' अक्षर. आपल्या नावाचं स्पेलिंग करा, समोरची चित्रं ओळीनं काढा, झालं चिनी नाव. तो तक्ता कोणी रचला ते सांगता येणार नाही, पण त्यातल्या काही आकृत्या चिनीत अस्तित्वातच नाहीत. त्या कुठल्या तरी अक्षराचे तुकडे आहेत. त्या तक्त्यावरून 'रोहन' गोंदवणाऱ्याच्या दंडावर पाच निरर्थक आकृत्या येतात. चिनी माणूस त्या वाचू शकत नाही. कोणीतरी आपल्या हातावर 'कृ, अर्धा ट, वेलांटी, द, रफार' असं एकाखाली एक गोंदवून आणलं तर आपल्याला जे वाटेल तेच त्याला वाटतं.

परदेशी नावं चिनीत लिहितात ती पूर्ण अक्षरं घेऊन, केवळ आवाजासाठी. मुंबईचं चिनी नाव 孟买, उच्चार साधारण 'मंग-माइ'. त्यातल्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ 'विकत घेणे' असा आहे. नकाशावर हे वाचताना चिनी माणसाच्या मनात खरेदी येत नाही, जसं 'सांगली' म्हटल्यावर आपल्या मनात सांगणं येत नाही. 2017 मध्ये 'दंगल' चीनमध्ये प्रचंड चालला तेव्हा आमिर खानचं नाव तिकडे घरोघरी पोचलं. त्याचं 'खान' चिनीत 汗 या अक्षरानं लिहितात, उच्चार 'हान'. मध्य आशियातल्या खानांसाठी जुन्या काळापासून हेच अक्षर वापरात आहे. सिनेमाच्या पोस्टरवर, आधी 'आमिर' आणि मध्ये ठिपका असताना ते खानच असतं. पण कोणी खान आडनावाचा मुलगा हे एकटं अक्षर मानेवर गोंदवून घेईल, तर बघणारा वाचेल 'घाम'. कारण त्या अक्षराचा रोजचा अर्थ तोच आहे. अक्षर एकच, शेजार बदलला.

शेजारानं अर्थ कसा पालटतो याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण 2019 च्या जानेवारीतलं आहे. अमेरिकन गायिका आरियाना ग्रांडे हिचं 'सेव्हन रिंग्ज' हे गाणं तेव्हा आलं. मैत्रिणींसाठी घेतलेल्या सात अंगठ्यांचं गाणं. त्याची आठवण म्हणून तिनं तळहातावर जपानीत दोन अक्षरं गोंदवली: 七輪. पहिलं अक्षर सात. दुसरं चाक, कडं, वलय. सात वलयं, म्हणजे सात अंगठ्या, असा सरळ हिशेब. पण जपानीत अंगठीला नुसतं वलय म्हणत नाहीत, 'बोटातलं वलय' म्हणतात, 指輪. आणि सात अंगठ्या लिहायच्या तर आकड्यानंतर आणखी दोन जोडअक्षरं लागतात. तळहातावर सुई लागताना होणाऱ्या वेदनेमुळे मधला भाग गाळला, असं तिनं नंतर सांगितलं. गाळल्यावर जे उरलं तो जपानीत तयार शब्द आहे: 'शिचिरिन', म्हणजे मासे आणि मांस भाजायची छोटी कोळशाची शेगडी. चूक कळल्यावर तिनं 'बोट' हे अक्षर वाढवून घेतलं, पण ते खाली आलं. 'सात' आणि 'वलय' शेजारी शेजारीच राहिले, आणि जपानी डोळ्याला आधी शेगडीच दिसत राहिली.

त्यात एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. शब्दकोश उघडून दोन्ही अक्षरं वेगवेगळी तपासली असती तरी बरोबरच निघाली असती. म्हणून अक्षराचा अर्थ तपासणं पुरेसं होत नाही. जे लिहिलंय ते एकत्र वाचलं तर कुठला शब्द होतो, हे पाहावं लागतं.

दुकानाच्या पाट्यांवर वेगळा घोटाळा होतो, आणि त्याचं मूळ 1956 मध्ये आहे. त्या वर्षी चीन सरकारनं लिपी सोपी करण्याचा आराखडा जाहीर केला. पुष्कळ अक्षरांच्या रेघा कमी केल्या आणि काही ठिकाणी समान किंवा मिळत्याजुळत्या उच्चाराच्या दोन-तीन अक्षरांसाठी एकच ठेवलं. तैवान आणि हाँगकाँगमध्ये आजही जुनं रूप चालतं, चीनच्या मुख्य भूमीवर आणि सिंगापुरात सोपं. आपल्याकडचा 'चाऊमिन' घ्या. हा शब्द मूळचा दोन चिनी अक्षरांचा आहे, परतणे आणि शेवया. जुन्या रूपात 炒麵. यातल्या दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला गव्हाचं चिन्ह आहे, कारण शेवया गव्हाच्या. लिपी सोपी करताना हे अक्षर काढून त्याजागी 面 ठेवलं, ज्याचा आधीपासूनचा अर्थ चेहरा. बीजिंगमध्ये 炒面 ही अगदी बरोबर पाटी आहे. पण डिझायनरला 'जुना, घरंदाज लुक' हवा असतो, तो बाकीची अक्षरं जुन्या रूपात काढतो आणि हे एक तसंच ठेवतो. मग तैपेहून आलेला माणूस जुन्या अक्षरांच्या ओळीत 'परतलेला चेहरा' वाचतो. मला हे आपल्याच शहरातल्या एका हॉटेलच्या भिंतीवर दिसलं होतं. मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण भिंत रंगवून झाली होती.

उलटी चूकही होते. केशकर्तनालयाच्या पाटीतलं 'केस' हे अक्षर आणि 'पाठवणे, भरभराट होणे' हे अक्षर, या दोन्हींचं सोपं रूप 发 असं एकच आहे. संगणकानं ते जुन्या रूपात बदलताना 髮 ऐवजी 發 निवडलं की सलूनच्या पाटीवरून केसच गायब होतात. वाणसामानाच्या दुकानांत 'सुका मेवा', 'सुकी मासळी' अशा पाट्यांवर येणारं 干 हे तर तीन जुन्या अक्षरांचं एकत्र ठिकाण आहे: सुकं, करणे, आणि तिसरं म्हणजे ढाल किंवा संबंध. 'करणे' या अर्थाची एक शिवीही रस्त्यावर रुळली आहे. त्यामुळे भाषांतराच्या एका जुन्या सॉफ्टवेअरनं चीनमधल्या कितीतरी सुपरमार्केटांत सुक्या मालाच्या पाट्यांवर इंग्रजीतून अर्वाच्य शिव्या छापल्या. दुकानदारांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या जागी आपण आहोत, फक्त भाषा उलटी.

मग विचारायचं कोणाला? 'चिनी येणाऱ्याला' हे उत्तर पुरेसं नाही, आणि हे मी स्वतः चिनी शिकवणारी बाई म्हणून सांगते. 2008 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेनं आपल्या नियतकालिकाचा चीनवर खास अंक काढला. मुखपृष्ठावर चिनी ओळी छापल्या, सुंदर दिसणाऱ्या. अंक बाहेर पडल्यावर चिनी वाचकांनी दाखवून दिलं की तो मजकूर बायकांचे नाच दाखवणाऱ्या एका क्लबची जाहिरात आहे. संस्थेला माफी मागावी लागली आणि मुखपृष्ठ बदलावं लागलं. त्यांनी छापण्याआधी एका जर्मन चिनी-अभ्यासकाला विचारलं होतं. अक्षरं त्याला वाचता आली असणार, पण कुठल्या शब्दामागे कुठली गल्ली आहे, हे त्या भाषेत वाढलेल्या माणसाला चटकन कळतं. मला चिनीची पंचवीस वर्षांची सवय आहे, तरी गोंदवण्याच्या गोष्टीत माझ्या एकटीच्या शब्दावर कोणी सुई लावू नये.

विचारायचीही एक रीत आहे. 'याचा अर्थ आई आहे ना?' असं विचारलं की भला माणूस 'हो, आहे की' म्हणतो, कारण तो तुमच्या उत्तराला जुळणारा अर्थ शोधतो. अर्थ अजिबात न सांगता नुसता फोटो दाखवायचा आणि विचारायचं, 'हे काय लिहिलंय?' दोघांना, वेगवेगळं. आणि फोटो शब्दकोशातल्या अक्षराचा नव्हे, स्टेन्सिलचा, म्हणजे कातडीवर उतरवायच्या नेमक्या त्या रेखाटनाचा. कारण ज्याला ते अक्षर वाचता येत नाही त्याच्या हातून ते उलटं लागतं, आरशातल्यासारखं फिरतं, किंवा नक्षीच्या नादात एक रेघ लांब-आखूड होते, आणि त्याच्या डोळ्याला काहीच खटकत नाही.

त्या मुलानं बराच विचार केला. 母亲 हा पूर्ण शब्द घे असं माझं म्हणणं होतं. पण मनगट लहान, त्याला एकच अक्षर हवं होतं, आणि 'हाक मारायला नाही, आठवण म्हणून आहे' असं तो म्हणाला. म्हणून 母 ठरलं. तेव्हा मी त्याला एक गोष्ट कागदावर मोठी काढून दाखवली. या अक्षराच्या पोटात, आडव्या रेघेच्या वर एक आणि खाली एक, असे दोन ठिपके असतात. ते आईचे स्तन, असा त्यांचा परंपरागत अर्थ लावतात. हे दोन ठिपके एकमेकांना भिडून एक तिरपी रेघ झाली की अक्षर बदलतं: 毋. उच्चार 'वू', अर्थ 'नको, करू नकोस'. दोन्ही अक्षरं मुळात एकाच कुळातली, म्हणून इतकी सारखी. कागदावर फरक स्पष्ट दिसतो, पण कातडीतली शाई वर्षानुवर्षं हळूहळू पसरत असते, आणि लहान अक्षरातल्या अरुंद जागा आधी भरतात.

शुक्रवारी त्यानं स्टेन्सिलचा फोटो पाठवला. मी तो छंगदूमधल्या एका मैत्रिणीला आणि पुण्यात कामासाठी राहणाऱ्या एका चिनी इंजिनिअरला धाडला, नुसता प्रश्न लिहून. मैत्रिणीनं लगेच कळवलं, 'मू, आई.' इंजिनिअरचं उत्तर अर्ध्या तासानं आलं: 'हे मू आहे की वू?' टॅटूवाल्यानं कुंचल्याचा फटकारा दिसावा म्हणून वरच्या ठिपक्याला शेपूट काढली होती, आणि ती आडव्या रेघेपर्यंत पोचली होती.

शनिवारी सकाळी मी दुकानात गेले. टॅटूवाल्या मुलानं काही कुरकुर केली नाही. त्यानं नवा कागद घेतला, अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं होतं ते दुपटीनं मोठं केलं, दोन्ही ठिपके आखूड आणि गोल केले, आणि रेघेपासून लांब सरकवून मला विचारलं, "एवढं अंतर बास?" मी म्हटलं, अजून थोडं.